बंदिशींच्या वह्या नोशनमध्ये : लष्कर, ग्वाल्हेर इथल्या नोंदी

३ नोव्हेंबर

काल संध्याकाळी एका विद्यार्थिनीने झपतालातली बागेश्री मागितली. ती माझ्याकडे आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. गुरुजींनी ती कुठे बसून शिकवली, बाहेर पाऊस कसा लागला होता, हेही आठवत होतं. वही मात्र सापडेना. पाऊण तासाने ती चौथ्या वहीत मालकंसाच्या दोन पानांच्या मध्ये मिळाली. त्या दिवशी मालकंस चालू असताना गुरुजींना मध्येच बागेश्री सुचली असणार आणि मी जसं समोर येईल तसं लिहून घेतलं असणार. तोवर मुलीची बसची वेळ झाली होती.

वह्या सात आहेत, बावीस वर्षांच्या. त्याशिवाय फोनमध्ये टिपून ठेवलेलं बरंच आहे, आणि स्वतःलाच पाठवलेले व्हॉट्सॲप निरोप आहेत. आमच्या ग्वाल्हेर घराण्यात राग बंदिशीतून शिकतात. एका रागात विलंबित, मध्यलय, तराणा असं चार-पाच तरी पाठ असावं लागतं. ते सापडलंच नाही तर शिकवायचं काय?

भाची कॉलेजचं सगळं नोशन नावाच्या नोंदी ठेवायच्या ॲपमध्ये ठेवते. तिने मला खातं काढून दिलं. मी लगेच पहिली वही उघडून टंकायला बसले, तर म्हणाली, "मावशी, आधी नुसती यादी कर. पानं मग." तिचं ऐकते आहे.

९ नोव्हेंबर

यादी झाली. साध्या स्प्रेडशीटमध्ये एका ओळीत एक बंदिश घेतली आणि रकाने ठेवले : मुखडा, राग, ताल, प्रकार, कुणाकडून, वही क्रमांक, पान. एकूण २१४ बंदिशी निघाल्या. माझा अंदाज दीडशेचा होता.

यादी करताना माझ्याच लिहिण्याचा प्रश्न समोर आला. रागाच्या रकान्यात ७१ वेगवेगळी नावं होती, पण राग काही एकाहत्तर नाहीत. बागेश्री आणि बागेश्वरी, भूप आणि भूपाली, बिहाग आणि विहाग अशा जोड्या होत्या. तालातही तसंच : अर्ध्या वह्यांत त्रिताल, अर्ध्यांत तीनताल. गुरुजी बोलायचे मराठीत, इथली पुस्तकं आणि परीक्षेचे कागद हिंदीत, आणि मी ज्या दिवशी जे कानावर पडलं ते लिहिलं. वाचणाऱ्या माणसाला हे एकच आहे हे कळतं. यंत्राला या दोन वेगळ्या अक्षरमाळा आहेत, आणि उद्या मी बागेश्री शोधली की बागेश्वरी म्हणून लिहिलेल्या बंदिशी ते दाखवणार नाही.

नावं एकसारखी करायला एक दुपार गेली. राग ५८ उरले. तालाचं मात्र मी कंटाळून तसंच सोडलं; पुढे बघू.

यादी नोशनमध्ये नेताना दोन गोष्टी कळल्या. एक, एक्सेलमध्ये साठवताना नुसतं सीएसव्ही निवडलं तर देवनागरीच्या जागी सगळीकडे प्रश्नचिन्हं येतात. `CSV UTF-8` असं लिहिलेला प्रकार निवडावा लागतो. दोन, नोशन पहिल्या रकान्याला पानाचं नाव करतं. माझ्या पहिल्या खेपेत अनुक्रमांक पहिला होता, म्हणून १, २, ३ अशा नावांची २१४ पानं तयार झाली. ती पुसून मुखडा पहिल्या रकान्यात आणला आणि यादी पुन्हा चढवली.

मूळ सीएसव्ही मी वेगळ्या फोल्डरमध्ये जपून ठेवली आहे.

११ नोव्हेंबर

आज काही टंकलं नाही, नुसता विचार केला आणि कागदावर खुणा केल्या. मला वाटतं, सगळ्या कामातला हाच दिवस महत्त्वाचा.

नोशनमध्ये यादीतली प्रत्येक ओळ म्हणजे आत एक पूर्ण पान असतं. ओळीवर टॅग लावता येतो (`Select` किंवा `Multi-select`), नाहीतर ती ओळ दुसऱ्या यादीतल्या पानाला जोडता येते (`Relation`). दिसायला दोन्ही सारखेच दिसतात, चौकटीत एक रंगीत शब्द. म्हणून सुरुवातीला मी सगळ्यालाच टॅग लावायला निघाले होते : राग टॅग, ताल टॅग, प्रकार टॅग.

मग कागदावर यमन लिहिलं आणि स्वतःला विचारलं की मला या शब्दाखाली काही लिहायचं आहे का? आहे, पुष्कळ. थाट कल्याण, वादी गंधार, संवादी निषाद, वेळ रात्रीचा पहिला प्रहर, गुरुजी तीव्र मध्यम कसा लावून दाखवायचे, विद्यार्थी कुठे घसरतात. टॅगच्या आत यातलं काहीही लिहिता येत नाही, टॅगला पान नसतं. म्हणजे राग टॅग नाही, राग हे पान.

त्रिताल लिहिलं. सोळा मात्रा, चार विभाग. मी तबला शिकवत नाही; यापुढे मला त्याखाली काही लिहायचं नाही. फक्त "त्रितालातल्या दाखव" एवढंच हवं. म्हणजे ताल टॅग. प्रकारही टॅगच : विलंबित ख्याल, छोटा ख्याल, तराणा, टप्पा, चतरंग.

"कुणाकडून" या रकान्यावर अडले. सहाच नावं आहेत. तूर्त टॅग ठेवते.

भाचीला दाखवलं. ती म्हणाली, "पण मावशी, टॅग लावायला किती सोपे! एक क्लिक." सोपे आहेत खरे. पण वर्षभराने यमनविषयी जे लिहिलं ते कुठे सापडणार, याचं उत्तर टॅगजवळ नाही.

१५ नोव्हेंबर

रागांची दुसरी यादी केली : राग, थाट, वेळ, वादी, संवादी. थाट टॅगच, दहाच तर आहेत. वेळही टॅग. मग बंदिशींच्या यादीत `Relation` प्रकारचा नवा रकाना घेऊन तो रागांच्या यादीला जोडला, आणि दोन्ही बाजूंनी दिसेल अशी कळ चालू केली. त्यामुळे बंदिशीवर राग दिसतो आणि रागाच्या पानावर त्याच्या सगळ्या बंदिशी आपोआप गोळा होतात. रागांची संख्या मोकळी ठेवली आहे, एकावर बांधलेली नाही. माझ्याकडे दोन रागमाला आहेत.

आता २१४ ओळींवर राग एकेक करून निवडायचा? नाही. सीएसव्हीतून आलेला रागाचा जुना मजकुराचा रकाना होताच. त्या रकान्यावर तक्त्याचे गट पाडले. बागेश्रीच्या सगळ्या ओळी एकत्र आल्या, त्या एकदम निवडल्या आणि वर आलेल्या पट्टीतून नव्या रकान्यात बागेश्रीचं पान लावलं. असे ५८ गट. दोन संध्याकाळी पुरल्या, आणि मध्येच जुन्या बंदिशी गुणगुणत बसले नसते तर एकच पुरली असती.

१९ ओळी रागाविना उरल्या. वहीत रागाचं नाव लिहिलेलंच नाही. त्यांना हात लावला नाही.

दुसऱ्या नावांचा प्रश्न असा सोडवला : रागाच्या पानात पहिलीच ओळ "इतर नावं : बागेश्वरी" अशी लिहायची. आता वरच्या शोधात बागेश्वरी टंकलं तरी बागेश्रीचं पान येतं. पण पानातून दुसऱ्या पानाचा दुवा देण्यासाठी `@` टंकलं की ते पानांच्या नावांवरूनच सुचवतं, तिथे इतर नाव उपयोगी पडत नाही. म्हणून जिथे दोन्ही नावं सारखीच रुळलेली आहेत तिथे मी दोन्ही शीर्षकातच घेतली : भूप (भूपाली), बागेश्री (बागेश्वरी).

१६ नोव्हेंबर

मोठी चूक झाली. त्रिताल आणि तीनताल असे दोन टॅग होते, एक काढायचा होता. मी तालाच्या रकान्याच्या मांडणीत गेले आणि तीनताल पुसून टाकला. मला वाटलं, टॅग गेला की त्या बंदिशी त्रितालात येतील. येणार कशा? ५७ बंदिशींचा ताल कोराच झाला. त्या क्षणी लक्षात आलं असतं तर `Ctrl+Z` होतं. मी खिडकी बंद करून स्वयंपाकाला गेले आणि रात्री "ताल रिकामा" अशी गाळणी लावली तेव्हा समजलं.

जपून ठेवलेल्या सीएसव्हीने वाचवलं. तिच्यात मूळ ताल होता. नोशनमध्ये ताल रिकामा असलेल्या ओळी मुखड्याच्या क्रमाने लावल्या, सीएसव्हीत तीनतालाच्या ओळी त्याच क्रमाने लावल्या, दोन्हीकडे ५७ भरल्या. वरून खाली एकदा नजर फिरवून जुळतात हे पाहिलं आणि सगळ्या एकदम निवडून त्रिताल लावला.

बरोबर क्रम असा : आधी तीनताल असलेल्या ओळी गाळून घ्यायच्या, त्या सगळ्यांना त्रिताल लावायचा, मग तीनताल असलेली एकही ओळ उरली नाही हे पाहायचं, आणि सर्वांत शेवटी टॅग पुसायचा. नुसतं नाव बदलायचं असेल, म्हणजे त्या नावाचा दुसरा टॅग नसेल, तर हे काही करावं लागत नाही. टॅगचं नाव बदललं की सगळीकडे बदलतं.

टॅगच्या नावात स्वल्पविराम चालत नाही, हेही आज कळलं. "विलंबित, मध्यलय" असं कुठे कुठे लिहिलेलं होतं, त्याचे दोन टॅग झाले. इथे ते फायद्याचंच ठरलं.

२२ नोव्हेंबर

रागाच्या पानाचा साचा. यावर पूर्ण शनिवार गेला, त्यातला अर्धा एकाच घोटाळ्यात.

मला रागाच्या पानावर नुसती मुखड्यांची रांग नको होती. विलंबित वर, छोटा ख्याल खाली, शेजारी ताल, म्हणजे पान उघडलं की आज काय शिकवायचं ते ठरवता यावं. त्यासाठी पानाच्या आत `/linked` टंकून बंदिशींच्या यादीचं एक दृश्य आणता येतं. ही यादीची नक्कल नसते, तीच यादी दुसऱ्या खिडकीतून दिसते. त्यावर गाळणी लावली, राग = यमन. सुंदर दिसलं. मग हेच सगळं साच्यात ठेवलं, म्हणजे `New` शेजारच्या बाणातून नवा साचा उघडून त्यात चिकटवलं, आणि एकामागून एक राग उघडून साचा लावत गेले.

बाराव्या रागापाशी थांबले. मारवा उघडला होता आणि खाली दिसत होतं "एरी आली पिया बिन". ती यमनची. मागे जाऊन पाहिलं तर बाराही पानांवर यमनच्या बंदिशी! गाळणी यमनच्या पानाशी बांधलेली होती, आणि साच्याने ती तशीच्या तशी बाराही ठिकाणी उतरवली.

गाळणी साच्याच्या आत बसून, साच्याच्याच नावावर लावावी लागते. मी साच्याला "राग-साचा" नाव दिलं आणि साचा उघडा ठेवून गाळणीत राग = राग-साचा असं निवडलं. साच्यात अर्थातच यादी कोरी दिसते, कारण राग-साचा नावाच्या रागात एकही बंदिश नाही. पण तो साचा मारव्याच्या पानाला लावला की नोशन गाळणीतलं "राग-साचा" काढून तिथे मारवा घालतं. बिहागला लावला की बिहाग. ओळखायची खूण अशी की साच्यात यादी कोरी दिसली तर बरोबर आहे. भरलेली दिसली तर गाळणी कुठल्यातरी खऱ्या रागाला बांधलेली आहे.

दुसरं असं की साचा सुधारला तरी आधी त्यावरून केलेली पानं सुधारत नाहीत. ती बारा पानं रिकामी करून पुन्हा साचा लावावा लागला. पान पूर्ण रिकामं असेल तरच ते उघडल्यावर साच्याचं नाव समोर येतं. सीएसव्हीतून आलेली बाकीची पानं आतून रिकामीच होती, म्हणून तिथे एका क्लिकचं काम.

एक फायदा अपेक्षा नसताना मिळाला. मारव्याच्या पानावरच्या त्या दृश्यात नवी ओळ घातली की तिला मारवा राग आपोआप लागतो. शिकवता शिकवता एखादी बंदिश आठवली तर रागाच्या पानावरूनच टाकायची, जोडायचं विसरायला वावच नाही.

२९ नोव्हेंबर

बंदिशीचा साचा. शीर्षकं चार : अस्ताई, अंतरा, पाठभेद, शिकवताना. पाठभेद मला सगळ्यांत मोलाचा. एकच अंतरा गुरुजींनी दोन वर्षांत दोन तऱ्हांनी सांगितला आहे. एक खोडून दुसरा लिहायचा नाही, दोन्ही ठेवायचे, वर्षासकट.

स्वरलेखन कसं ठेवायचं यावर बरंच डोकं घातलं. मात्रा एकाखाली एक यायला हव्यात. भाचीने सुचवलं की कोडसाठी असते ती चौकट वापर, तिथे सगळी अक्षरं सारख्या रुंदीची असतात. रोमन अक्षरं असतात, देवनागरी नाही. "सा" आणि "नि" आणि "म" वेगवेगळी जागा घेतात आणि तिसऱ्या ओळीपर्यंत सम कुठे आहे ते कळेनासं होतं.

मग साधा तक्ता घेतला. सोळा मात्रांचे सोळा रकाने केले तर फोनवर अर्धा तक्ता पडद्याबाहेर जातो. म्हणून मात्रेला नाही, विभागाला एक रकाना दिला. त्रितालाला चार रकाने, वर खुणा X, २, ०, ३, आणि प्रत्येक खान्यात चार मात्रा मोकळी जागा सोडून. झपतालालाही चारच रकाने, पण मात्रा दोन, तीन, दोन, तीन. एकतालाला सहा, खुणा X, ०, २, ०, ३, ४. असे तालाप्रमाणे तीन साचे झाले, आणि प्रत्येक साच्यात तालाचा टॅग आधीच लावून ठेवला. बाकीचे ताल थोडे आहेत, त्यांचे तक्ते हाताने करीन.

कोमल स्वराखालच्या रेघेसाठी `Ctrl+U` सोयीचं वाटलं होतं. ते सोडलं. नोशनमध्ये छान दिसतं, पण तोच मजकूर विद्यार्थ्यांना व्हॉट्सॲपवर पाठवला की रेघ गळते, आणि बागेश्रीचा गंधार शुद्ध होऊन पोचतो! आता रेघ अक्षराचाच भाग असलेली चिन्हं वापरते : रे॒ ग॒ ध॒ नि॒ आणि तीव्र म॑. फोनवर ती टंकणं अवघड, म्हणून साच्याच्या माथ्यावर ही पाच अक्षरं ठेवली आहेत. तिथून उचलायची, काम झालं की ती ओळ पुसायची.

ध्वनिमुद्रणं नोशनमध्ये ठेवत नाही. फुकटच्या योजनेत एक फाइल ५ एमबीपर्यंतच चढते, म्हणजे नेहमीच्या एमपीथ्रीची पाच मिनिटं. विलंबित ख्याल त्यात मावत नाही. ती ड्राइव्हवर ठेवून पानात दुवा दिला. वहीच्या पानाचा फोटो मात्र प्रत्येक बंदिशीत घालते आहे. स्वरलेखन आजवर फक्त ३१ बंदिशींचं टंकून झालं. उरलेल्यांना फोटो तरी आहे, आणि माझ्या त्या वेळच्या अक्षरात आहे.

६ डिसेंबर

"कुणाकडून" हा रकाना टॅग ठेवला होता, तो आज पान केला. झालं असं की "कौन करत तोरी बिनती" ही बागेश्रीतली छोट्या ख्यालाची बंदिश टंकत होते. ती मला गुरुजींकडूनही मिळाली आहे आणि त्यांच्या एका गुरुभगिनीकडूनही, आणि दोघांच्या अंतऱ्याची उठान वेगळी. हे लिहिताना त्या बाईंनी कुणाकडे, किती वर्षं शिकलं, हे आठवलं आणि लिहावंसं वाटलं. लिहायची जागा नव्हती. ११ तारखेला स्वतःला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर इथे पंचवीस दिवसांनी मिळालं.

काम थोडंच होतं, सहा नावं. नवी यादी, नवा जोड-रकाना, जुन्या टॅगवर गट पाडून एकदम निवड, सगळं जुळलं हे पाहून मग जुना रकाना काढला. १६ तारखेपासून मी काहीही शेवटी पुसते.

गुरुजींच्या पानावर आता १४३ बंदिशी दिसतात. ते पान उघडून मी बराच वेळ नुसती बसले होते.

विलंबित आणि त्याच्या पाठोपाठ गायचा छोटा ख्याल यांची जोडही आज घातली. त्यासाठी वेगळा रकाना केला नाही. विलंबिताच्या पानात "याच्यामागून" असं लिहून `@` ने छोट्या ख्यालाचं नाव घातलं. छोट्या ख्यालाच्या पानाच्या माथ्यावर आपोआप दिसतं की याच्याकडे कुठल्या पानातून दुवा आला आहे. एकदाच लिहायचं, दोन्हीकडून सापडतं. जोडी ठरलेली नसते, बैठकीप्रमाणे बदलते, म्हणून रकान्यात बांधण्यापेक्षा वाक्यात असणंच मला बरं वाटतं.

१३ डिसेंबर

अनुक्रमणिका. "अनुक्रमणिका" नावाचं एकच पान, डाव्या पट्टीत सर्वांत वर. त्यात दोनच दृश्यं : रागांची यादी, थाटाप्रमाणे गट पाडून, आणि बंदिशींची यादी, मुखड्याच्या पहिल्या अक्षराप्रमाणे. आधी वेळेनुसार, प्रकारानुसार, वहीनुसार अशी आणखी तीन केली होती, ती काढली. आठवडाभर त्यांच्याकडे कुणी बघितलं नाही, मीसुद्धा नाही.

अक्षरासाठी बंदिशींच्या यादीत `Formula` प्रकारचा रकाना घेतला :

```
substring(prop("मुखडा"), 0, 1)
```

म्हणजे मुखड्यातलं पहिलं चिन्ह. मला शंका होती की "कौन", "किन" आणि "काहे" वेगवेगळ्या गटांत जातील. तसं झालं नाही. संगणकात "कौ" हे आधी क आणि मागून मात्रा असं दोन चिन्हांत साठवलेलं असतं, म्हणून तिन्ही क खालीच येतात, छापील पुस्तकाच्या सूचीसारखे. जोडाक्षरंही पहिल्या व्यंजनाखाली जातात, "श्याम" श मध्ये. स्वरांना मात्र प्रत्येकाचा गट वेगळा. त्यामुळे माझ्याच दोन वह्यांतलं "एरी" आणि "ऐरी" दोन ठिकाणी पडलं. सगळीकडे "एरी" केलं.

गट पाडल्यावर एक गट अवतरण चिन्हाचा निघाला. एका मुखड्याच्या आधी मी ते टाकलं होतं. यादी तपासायची ही चांगली रीत आहे : जो गट अक्षराचा नाही, तिथे शीर्षकात काहीतरी घुसलेलं आहे.

काल तीच विद्यार्थिनी आली. तिच्या हातात फोन दिला आणि काही न सांगता झपतालातली बागेश्री काढ म्हटलं. तिने अनुक्रमणिका, काफी थाट, बागेश्री, आणि त्या पानावरचा ताल असा रस्ता धरला. मी नुसतं पाहत होते. मिनिटही लागलं नाही. मग आम्ही ती गायला बसलो, आणि शिकवणी तासभर लांबली.

२० डिसेंबर

तानसेन समारोहाच्या धामधुमीत शिकवण्या बंद होत्या, म्हणून तपासणीचं काम घेतलं.

बंदिशींच्या यादीत "राहिलेलं" नावाचं एक दृश्य केलं. गाळणी : राग रिकामा, किंवा ताल रिकामा, किंवा कुणाकडून रिकामं. अनुक्रमणिकेत न येणारी बंदिश असलीच तर इथे येते. रागांच्या यादीत `Rollup` रकाना घेऊन प्रत्येक रागाच्या बंदिशी मोजल्या. एक राग शून्याचा निघाला, "विहाग". नावं एकसारखी करताना तो यादीत चुकून राहून गेला होता. पान पुसलं.

सगळ्याची प्रत संगणकावर उतरवून घेतली, मांडणीच्या पानातल्या `Export` मधून, मार्कडाउन आणि सीएसव्ही या प्रकारात. पुसलेलं पान नोशनच्या टोपलीत तीस दिवस राहतं, पण फुकटच्या योजनेत पानाचा मागचा इतिहास सातच दिवसांचा दिसतो. माझ्यासारखी चूक आठव्या दिवशी लक्षात आली तर उतरवून घेतलेली प्रतच कामाला येईल. दर महिन्याच्या एक तारखेला प्रत घ्यायची, फोनमध्ये गजर लावला आहे.

राग नसलेल्या त्या १९ बंदिशी आज पुन्हा काढल्या. सातांचे राग स्वरलेखनावरून मला लागले. बारा लागत नाहीत. तिथे फक्त शब्द आहेत आणि तालाची खूण. त्यातल्या तीन मला चालीसकट आठवतात, पण राग बिहाग धरावा की त्याच्या जवळचा दुसरा कुठला, हे मी एकटीने ठरवू नये. बंदिशीच्या पानावर अंदाज लिहिला आहे, जोड-रकाना रिकामाच ठेवला आहे. अंदाज जोडला की पुढे तो कुणालाच अंदाज म्हणून दिसणार नाही.

गुरुजींचे सर्वांत थोरले शिष्य आता उज्जैनला असतात. त्यांना फोन केला. म्हणाले, "तू गा, मी ऐकतो. रोज एक." बाराही पानांचे दुवे "राहिलेलं" मध्ये तारखांसकट लावले आहेत. पहिली उद्या सकाळी साडेसातला.